भाड्याच्या छोट्या बेडरूमचा रंग: पोपडे टाळणारी पूर्वतयारी, फिनिश आणि रंगाची निवड

भाड्याच्या घरातील भिंतीवर रंगाचे नेमके किती आणि कोणते थर बसलेले आहेत, हे बहुतेक वेळा कोणालाच ठाऊक नसते. भाडेकरू बदलला की घरमालक स्वस्तातल्या डिस्टेंपरचा एक हात मारून घेतो, जुना थर खरवडण्याचे कष्ट कोणी घेत नाही आणि अशा आठ-दहा वर्षांच्या थरांवर नवा भाडेकरू हौसेने चांगल्या प्रतीचे इमल्शन लावतो. इमल्शन वाळताना त्याचा सलग, लवचीक पापुद्रा तयार होतो आणि तो किंचित आकसतो. खालचा थर पक्का असेल तर या ताणाने काही बिघडत नाही, पण तो भुकटीसारखा झाला असेल तर नवा रंग त्या थरालाच धरून भिंतीपासून सुटतो. दोष रंगाचा नसतो, रंगाने ज्याचा आधार घेतला त्याचा असतो. म्हणूनच महागडा रंग घेऊन पूर्वतयारी टाळण्यापेक्षा मध्यम किमतीचा रंग घेऊन तीन-चार दिवस भिंतीवर खर्च करणे केव्हाही शहाणपणाचे ठरते.

पुढील सर्व विवेचन एक खोली समोर ठेवून केले आहे. पुण्यातील एखाद्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर 10 फूट लांब, 9 फूट रुंद आणि 9 फूट उंच अशी बेडरूम आहे असे धरू. पूर्वेला एक खिडकी आहे, तिच्यासमोर दहा-बारा फुटांवर शेजारची इमारत उभी आहे, आणि पलंगामागची भिंत बाथरूमला लागून असल्याने जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत तिचे पोपडे निघालेले आहेत. काम सुरू करण्यापूर्वी घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी. साधा मेसेजही चालेल, परंतु त्यात रंगाचा शेड, खर्च कोणाचा आणि घर सोडताना भिंत पुन्हा पांढरी करून द्यायची की नाही, या तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात.

पोपड्याची मागची बाजू पाहा

भिंतीचे निदान करण्यासाठी सर्वांत विश्वासार्ह पुरावा म्हणजे सुटलेला पोपडा. तो हळूच काढून उलटा करावा आणि उजेडात नीट पाहावा. मागे पिठासारखी पांढरी भुकटी चिकटलेली असेल आणि तिने बोट पांढरे होत असेल, तर खाली जुना डिस्टेंपर किंवा चुना आहे. मागची बाजू स्वच्छ, गुळगुळीत असेल आणि भिंतीवर चकचकीत थर दिसत असेल, तर कोणीतरी ऑइल पेंटवर न घासता रंग मारला आहे. पोपड्याबरोबर पुट्टीचा, म्हणजे रंगारी ज्याला लांबी म्हणतात तिचा, जाड पांढरा थरच सुटून आला असेल, तर लांबी मुळात कच्च्या पृष्ठभागावर भरली गेली होती. आणि मागे वाळूचे कण, ओलसरपणा किंवा कापसासारखे पांढरे क्षार दिसले, तर प्रश्न रंगाचा नसून गिलाव्यात शिरलेल्या पाण्याचा आहे.

जिथे पोपडे नाहीत, तिथे दोन साध्या चाचण्या कराव्यात. कोरड्या तळहाताने भिंत घासावी, नंतर ओल्या स्पंजने तीच जागा पुसावी. रंग स्पंजवर उतरला तर तो थर नव्या रंगाचा भार पेलणार नाही. दुसरी चाचणी चिकटण्याची आहे. ब्लेडने रंगावर दोन-तीन मिलिमीटर अंतराने उभ्या आणि आडव्या पाच-सहा रेघा मारून जाळी करावी, तिच्यावर चांगली चिकटपट्टी घट्ट दाबून बसवावी आणि एका झटक्यात ओढावी. जाळीतील चौकोन पट्टीबरोबर निघून आले, तर भिंत वरून कितीही धडधाकट दिसली तरी तो थर खरवडावा लागेल. प्रत्येक भिंतीवर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी ही चाचणी घ्यावी, कारण एकाच भिंतीचा वरचा भाग पक्का आणि खालचा कच्चा असणे अगदी नेहमीचे आहे.

ओल आधी, रंग नंतर

ओल असलेल्या भिंतीवर कोणताही रंग टिकत नाही. बाथरूमकडची ओल फरशांच्या सांध्यांतून, नळाच्या जोडांतून किंवा भिंतीत दडवलेल्या पाइपातून येते आणि तिचा पट्टा सहसा जमिनीपासून वर चढत जातो. बाहेरच्या भिंतीची ओल पावसाळ्यात वाढते आणि ती तड्यांच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यांच्या आसपास दिसते. छतावर गोल तपकिरी डाग असेल, तर वरच्या घराचे बाथरूम किंवा गच्ची तपासावी लागते. कपाटामागे, हवा खेळत नाही अशा कोपऱ्यात काळे ठिपके असतील, तर ती बहुधा खोलीतीलच दमट हवा थंड भिंतीवर साठून आलेली बुरशी असते.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे ठरवण्यासाठी फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर हवाबंद बसवावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब आले किंवा त्याखालची भिंत गडद झाली, तर पाणी भिंतीतून येत आहे. थेंब खोलीकडच्या बाजूस असतील, तर हवेतील दमटपणा जबाबदार आहे आणि खिडकी उघडी ठेवणे, कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे घेणे एवढ्यानेच बरेच काम होते.

आपल्या उदाहरणातील ओल बाथरूमची आहे. तिच्या दुरुस्तीचा खर्च भाडेकरूने अंगावर घेण्याचे कारण नाही. पोपड्याचा आणि प्लॅस्टिकच्या चाचणीचा फोटो घरमालकाला पाठवून बाथरूमच्या फरशांचे सांधे आणि नळाचे जोड दुरुस्त करून घ्यावेत. गळती बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपातून असेल, तर घरमालकामार्फत सोसायटीकडे अर्ज करावा. गळती थांबल्यानंतरही गिलावा लगेच कोरडा होत नाही, त्याला काही आठवडे लागतात. अशा वेळी उरलेल्या तीन भिंती रंगवून घ्याव्यात, चौथ्या भिंतीचा खराब झालेला भाग खरवडून उघडा ठेवावा आणि प्लॅस्टिकची चाचणी कोरडी आल्यावरच तिला हात लावावा. दिसायला ते महिनाभर वाईट दिसेल, हे खरे आहे. परंतु घाईने आतून वॉटरप्रूफ रंग किंवा ऑइल पेंट फासला, तर अडवलेले पाणी बाजूने वाट काढते आणि पट्टा दोन फुटांवरून चार फुटांवर जातो.

घरमालकाने दुरुस्तीला साफ नकार दिला तर त्या भिंतीवर इमल्शन मुळीच लावू नये. तिथे साधा डिस्टेंपर किंवा चुना लावावा. भिंतीची वाफ त्यातून बाहेर पडू शकते, आणि खराब झाला तरी तो भुकटी होऊन झडतो, मोठाल्या पापुद्र्यांनी लोंबत नाही. वर्षाने पुन्हा एक हात मारणेही स्वस्त पडते.

क्षार काढताना पाण्याने धुण्याचा मोह टाळावा, कारण ते पाण्यात विरघळून पुन्हा गिलाव्यात शिरतात. ते आधी कोरड्या ब्रशने झाडून जमिनीवरून उचलून टाकावेत. बुरशीचे मात्र उलट आहे. ती कोरडी घासली तर तिचे कण खोलीभर उडतात, म्हणून पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने ती आधी भिजवावी, दहा-पंधरा मिनिटांनी पुसावी आणि स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसून भिंत वाळू द्यावी. खिडकी उघडी ठेवावी आणि ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा दुसरे कोणतेही क्लीनर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू तयार होतो.

हवामानाचाही विचार करावा. पावसाळ्यानंतर बाहेरच्या भिंती वाळायला वेळ लागतो, त्यामुळे पुण्यात दिवाळीनंतरचे आणि मुंबई-कोकणात डिसेंबरनंतरचे कोरडे दिवस या कामाला उत्तम. दिवाळीच्या आधी रंग झालाच पाहिजे हा आग्रह भिंतींना फारसा मानवत नाही.

खरवडणे आणि धुणे

आता प्रत्यक्ष काम. सामान बाहेर काढून किंवा खोलीच्या मध्यभागी झाकून ठेवावे, मेन स्विच बंद करून स्विचबोर्डांवर मास्किंग टेप लावावी आणि चाचणीत नापास झालेला प्रत्येक भाग पत्र्याने खरवडावा. डिस्टेंपर असेल तर एका वेळी चार-पाच चौरस फूट भाग ओल्या स्पंजने भिजवावा, पाच मिनिटे थांबावे आणि मऊ झालेला थर खरवडून काढावा. कोरडे खरवडण्यापेक्षा हे निम्म्या श्रमात होते आणि धूळही उडत नाही. शेवटी भिंत दोन वेळा स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण एक दिवस वाळू द्यावी.

जिथे जुना रंग पक्का आहे, तिथे तो काढण्याची गरज नाही. परंतु खरवडलेला भाग आणि पक्का रंग यांच्यामध्ये जी पायरीसारखी कड राहते, ती 120 किंवा 150 नंबरच्या पॉलिश पेपरने उतरती करावी. बोट फिरवून पाहिले असता कड जाणवली नाही म्हणजे काम झाले. नवे पोपडे जवळजवळ नेहमी अशाच एखाद्या उचललेल्या कडेपासून सुरू होतात. ऑइल पेंटची भिंत असेल तर तिची चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासावी आणि त्यावर ऑइल पेंटवरही चिकटणारा प्रायमर लावावा.

जुन्या दारे-खिडक्यांच्या ऑइल पेंटबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. असे लाकूड कोरडे घासू नये. ओल्या वॉटर पेपरने घासावे, मास्क लावावा, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना खोलीपासून दूर ठेवावे आणि खाली पडलेला चिखल पुसून कचऱ्यात टाकावा.

लांबी आणि प्रायमर

भाड्याच्या खोलीत संपूर्ण भिंतीला लांबी भरण्याची गरज सहसा नसते, फक्त खड्डे, खिळ्यांची भोके आणि तडे भरावे लागतात. केसाएवढा तडा तसाच भरला तर लांबी आत शिरत नाही, म्हणून तो पत्र्याच्या कोपऱ्याने थोडा उघडून धूळ ब्रशने काढावी आणि मग भरावा.

येथे एक चूक फार ठिकाणी होते. व्हाइट सिमेंटची पुट्टी ही उघड्या, किंचित भिजवलेल्या गिलाव्यावर धरते. जुन्या रंगावर ती धरत नाही. रंग टिकून असलेल्या भिंतीवरील डागडुजीसाठी अ‍ॅक्रिलिक पुट्टी घ्यावी, मात्र तिला ओल सहन होत नाही. गिलावा उघडा पडला असेल तिथे व्हाइट सिमेंटची आणि रंगाच्या कडांवर अ‍ॅक्रिलिकची, अशी सरळ विभागणी करावी. कोणतीही लांबी एका हातात जाड भरू नये. पातळ दोन हात द्यावेत आणि दोन हातांमध्ये तिला पूर्ण वाळू द्यावे. वाळल्यावर 180 नंबरच्या पेपरने घासावी.

घासल्यानंतरची धूळ हे पोपड्यांचे दुसरे मोठे कारण आहे. झाडूने ती जात नाही. भिंत वरून खाली कोरड्या ब्रशने झाडावी, मग घट्ट पिळलेल्या ओल्या कापडाने पुसावी आणि वाळल्यावर काळे कापड फिरवून पाहावे. कापड पांढरे झाले तर पुन्हा पुसावे. त्यानंतर वॉटर-बेस्ड प्रायमरचा एक सलग हात संपूर्ण भिंतीला द्यावा. केवळ लांबीच्या ठिपक्यांवर प्रायमर लावला, तर भिंत ठिकठिकाणी वेगवेगळा रंग शोषते आणि वाळल्यावर ते ठिपके उजेडात उठून दिसतात. प्रायमर आणि रंग यांत पाणी किती घालायचे ते डब्यावर लिहिलेले असते आणि ते मोजून घालावे. रंग पुरवण्यासाठी रंगारी अंदाजाने पाणी वाढवत असेल तर त्याला थांबवावे, कारण पातळ केलेल्या रंगात कण धरून ठेवणारा चिकट घटक विरळ होतो आणि भिंत वर्षभरातच हाताला पांढरे लावू लागते.

फिनिश कोणते

दुकानात मॅट, सॉफ्ट शीन आणि सॅटिन असे वाढत्या चकाकीचे पर्याय समोर येतात. चकाकी जितकी जास्त, तितकी भिंत पुसायला सोपी, पण तितकीच भिंतीची प्रत्येक उंचसखल जागाही दिसते. आपल्याकडे ट्यूबलाइट बहुधा भिंतीवरच लावलेली असते आणि तिचा उजेड भिंतीला घासून खाली उतरतो. त्या उजेडात लांबीची प्रत्येक कड सावली टाकते. आपली भिंत कशी आहे हे पाहायचे असेल, तर रात्री दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून तिच्या समांतर धरावा. जे दिसेल ते सॅटिन रंग रोज दाखवील.

माझ्या मते भाड्याच्या छोट्या बेडरूमला मॅट इमल्शन सर्वांत योग्य. जुन्या भिंतीचे दोष ते झाकते, आणि दुसरा, अधिक महत्त्वाचा फायदा घर सोडताना कळतो. मॅटवर खिळ्याचे भोक बुजवून तेवढ्याच जागी ब्रश फिरवला तर डागडुजी बरीचशी मिसळून जाते, चकाकीच्या रंगावर मात्र तीच ठिगळासारखी चमकते आणि अख्खी भिंत रंगवावी लागते. मॅटची एक मर्यादा पलंगाच्या डोक्याशी दिसते. तिथे खोबरेल तेलाचा तपकिरी डाग पडतो आणि तो साध्या मॅटवरून जात नाही. त्यासाठी चारही भिंती चकचकीत करण्याऐवजी पलंगामागची एक भिंत त्याच शेडच्या, पुसता येणाऱ्या प्रतीच्या सॉफ्ट शीन इमल्शनने रंगवावी किंवा पलंगाला कापडी पाठ लावावी. अर्थात ती भिंत बाथरूमची असेल आणि ओलीचा संशय शिल्लक असेल, तर दुसरा मार्गच बरा.

अकरा महिन्यांचाच करार असेल, पुढे राहण्याची खात्री नसेल आणि भिंतीवर आधीच डिस्टेंपर असेल, तर सुटा थर धुऊन त्यावर अ‍ॅक्रिलिक डिस्टेंपरचे दोन हात द्यावेत. इमल्शनचा खर्च तिथे वसूल होणार नाही.

रंग निवडताना

छोट्या खोलीला पांढरा रंगच द्यावा असे नाही, पण उजेड परत फेकणारा रंग द्यावा. शेडच्या माहितीत एलआरव्ही हा आकडा दिलेला असतो. तो 0 पासून 100 पर्यंत असतो आणि रंग किती उजेड परावर्तित करतो हे सांगतो. भिंतींसाठी 60 ते 75 च्या दरम्यानचा शेड घेतल्यास खोली अंधारी होत नाही आणि पूर्ण पांढऱ्या रंगासारखी दवाखान्याची कळाही येत नाही. छत साधे पांढरे मॅट असावे.

आपल्या खोलीत सकाळचा उजेड समोरच्या इमारतीवर आपटून येतो. ती इमारत पिवळसर असेल तर करडा शेड दिवसा हिरवट दिसू शकतो, आणि रात्री थंड पांढऱ्या, 6500 केल्व्हिनच्या एलईडीखाली तोच निळसर होतो. अशा खोलीला किंचित उबदार शेड, म्हणजे सायीसारखा, फिकट बदामी किंवा मातकट गुलाबीकडे झुकणारा रंग बरा वाटतो. शेडकार्डावरील बोटभर पट्टीवरून निर्णय घेऊ नये. सर्वांत लहान डबा आणून मोठ्या कार्डबोर्डवर दोन हात द्यावेत आणि तो कार्डबोर्ड खिडकीशेजारी, समोरच्या भिंतीवर आणि ट्यूबलाइटखाली असा सकाळ-संध्याकाळ हलवून पाहावा. चारही भिंतींवर रंग गेल्यावर तो एकमेकांवर परावर्तित होऊन कार्डपेक्षा गडद भासतो, म्हणून दोन शेडमध्ये अडल्यास फिकट घ्यावा.

एक भिंत गडद निळी किंवा हिरवी करण्याची हौस भाड्याच्या घरात महाग पडते. घर सोडताना ती पुन्हा पांढरी करायला प्रायमर आणि त्यावर दोन, कधी तीन हात लागतात. तेवढाच रंग पडद्यातून किंवा चादरीतून आणता येतो.

किती रंग आणि किती दिवस

खोलीचा घेर 38 फूट आणि उंची 9 फूट, म्हणजे भिंती 342 चौरस फूट. त्यातून दाराचे 21 आणि खिडकीचे 16 वजा केले तर 305 उरतात. छत 90 चौरस फूट. मध्यम प्रतीचे इमल्शन प्रायमर लावलेल्या भिंतीवर दोन हातांत लिटरला साधारण 60 चौरस फूट जाते, म्हणून भिंतींसाठी 5 लिटर, म्हणजे 4 लिटरचा एक आणि 1 लिटरचा एक डबा. दोन्ही दुकानात एकाच वेळी मिसळून घ्यावेत आणि सुरुवातीलाच एका बादलीत एकत्र करावेत, अन्यथा दुसऱ्या डब्याचा शेड किंचित वेगळा निघण्याचा धोका असतो. चौथी भिंत नंतर रंगवायची असेल, तर आता 4 लिटरचा डबाच पुरतो. छतासाठी 2 लिटर पांढरा, प्रायमर 4 लिटर आणि डागडुजीसाठी 5 किलो लांबी पुरे.

पहिला दिवस खरवडण्यात आणि धुण्यात, दुसरा वाळण्यात, तिसरा लांबीत, चौथा घासण्यात आणि प्रायमरमध्ये जातो. पाचव्या दिवशी आधी छत आणि मग भिंतींचा पहिला हात द्यावा. कोपरे आणि कडा ब्रशने काढून त्या ओल्या असतानाच रोलर फिरवावा, तसेच रंग लावताना पंखा बंद ठेवावा, म्हणजे पट्ट्यांच्या जोडखुणा राहत नाहीत. दुसरा हात डब्यावर दिलेल्या अंतराने, साधारण चार ते सहा तासांनी, आणि मास्किंग टेप शेवटचा रंग पूर्ण कडक होण्याआधीच काढावी. भिंत हाताला त्याच दिवशी कोरडी लागते, पण ओल्या कापडाने पुसण्याजोगी व्हायला सुमारे महिना लागतो. तोवर डाग पडलाच तर कोरड्या मऊ कापडाने टिपावा.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून तिच्यावर शेडचा कोड, कंपनी आणि फिनिश लिहून ठेवावे. चौथ्या भिंतीची प्लॅस्टिकची चाचणी कोरडी आली की तिला 1 लिटरचे दोन नवे डबे त्याच कोडने मिसळून आणावेत आणि भिंतीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अखंड रंग द्यावा, कारण जुन्या आणि नव्या डब्यातील सूक्ष्म फरक कोपऱ्यात डोळ्याला जाणवत नाही, भिंतीच्या मध्यावर मात्र हमखास जाणवतो.